सहावी वही

त्या मुलाच्या वहीत दीड महिना सगळं बरोबर येत होतं. दशांश अपूर्णांक चालू होते. दोन संख्या दिल्या की त्यांतली मोठी कोणती ते ओळखायचं. ०.३५ आणि ०.२८ यांत ०.३५ मोठी. बरोबर. २.६ आणि २.४ यांत २.६ मोठी. बरोबर. मी खूण करत होते आणि पान उलटत होते. माझ्या घरच्या शिकवणीच्या खोलीत तेव्हा अकरा मुलं बसत, आणि अकरा वह्या हातावेगळ्या करायच्या तर पान भराभरा उलटण्यावाचून इलाज नव्हता.

एका संध्याकाळी मी फळ्यावर ०.३५ आणि ०.८ लिहिलं. त्याने ०.३५ ला गोल केला. त्या दिवशी दोघं-तिघं गैरहजर होती, हाताशी थोडा वेळ होता, म्हणून मी त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, "कसं ठरवलंस?"

"पस्तीस आठापेक्षा मोठे ना, काकू."

मी मागची पानं पुन्हा पाहिली. पहिल्या दिवसापासून तो हेच करत होता. दशांशचिन्हाच्या उजवीकडची संख्या साधी पूर्ण संख्या म्हणून वाचायची आणि जी मोठी दिसेल ती निवडायची. मी देत होते त्या उदाहरणांत दोन्ही संख्यांना दशांशचिन्हानंतर सारखेच अंक होते, त्यामुळे चुकीच्या नियमानेही उत्तर बरोबर येत होतं. त्या दीड महिन्याच्या माझ्या सगळ्या खुणा खऱ्या होत्या आणि त्याला दशांश अजिबात कळलेला नव्हता.

घरी शिकवणी घेणाऱ्या ओळखीच्या बायका भेटल्या की बोलणं तीनच गोष्टींवर येतं: मुलं किती घ्यायची, फी किती लावायची आणि वेळ कोणती ठेवायची. त्या संध्याकाळपर्यंत हे तीन वेगळे प्रश्न आहेत असंच मीही समजत होते. मुलं किती, तर खोलीत मावतील तेवढी. फी किती, तर आसपासचे घेतात त्याच्या आगेमागे. वेळ कोणती, तर पालकांना सोयीची. पुढच्या तीन वर्षांत तिन्ही उत्तरं बदलली, आणि प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तरातून निघालं. पहिलं निघालं ते त्या चार शब्दांच्या संवादातून.

"कसं ठरवलंस?" या प्रश्नाला वेळ किती लागतो, हे मी नंतर घड्याळ लावून पाहिलं. मूल लगेच बोलत नाही. आधी त्याला वाटतं, आपलं चुकलंय म्हणून विचारतायत. मग ते पुसायला खोडरबर शोधतं. त्याला थांबवून, "चुकलं म्हणून नाही विचारत, मला बघायचंय तू काय केलंस" असं सांगावं लागतं. मग ते आपली रीत सांगतं. यात दोन मिनिटं जातात. त्यावरून मला एक अंदाज येतो, पण तो अंदाजच असतो. तो तपासायला असं उदाहरण द्यावं लागतं की मुलाचा नियम आणि खरा नियम यांची उत्तरं वेगवेगळी आली पाहिजेत. यात आणखी दोन मिनिटं. आणि मग खरी दुरुस्ती: ०.८ म्हणजे दहापैकी आठ, शंभरपैकी ऐंशी, आता ऐंशी आणि पस्तीस यांत बघ. आणखी दोन. एका मुलाला, एका बैठकीत, साधारण सहा मिनिटं. काहींना चार पुरतात, काहींना नऊ लागतात.

माझा वर्ग सव्वा तासाचा असतो. पहिली दहा मिनिटं येऊन बसण्यात आणि मागच्या वेळचं एखादं उदाहरण पुन्हा करण्यात जातात. वीस मिनिटं नवीन भाग फळ्यावर. शेवटची पाच गृहपाठ सांगण्यात. राहिली चाळीस. चाळीसला सहाने भागा, सहा वह्या होतात आणि चार मिनिटं उरतात. अकरा मुलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन मिनिटांच्या वर थोडं काहीतरी येतं, म्हणजे मूल रीत सांगायला लागतं तोवर पुढच्या वहीची पाळी येते. म्हणून सहा. हा आकडा खोलीच्या मापावरून किंवा मनाच्या समाधानासाठी ठरवलेला नाही, तो भागाकारातून आला.

याला मर्यादा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. हा हिशोब पाचवी ते आठवीच्या गणिताचा आहे. भाषा शिकवणारीचा हिशोब वेगळा होईल, कारण निबंध समोर बसून तपासता येत नाही, तो नंतर वाचावा लागतो, आणि तिथे मुलांची संख्या वर्गातल्या मिनिटांवरून न ठरता वर्गानंतरच्या तासांवरून ठरते. दोन इयत्ता एकत्र बसवल्या तर फळ्यावरची वीस मिनिटं चाळीस होतात आणि वह्यांना वीसच उरतात. म्हणजे मिश्र इयत्तांची सहा मुलं ही खरं तर बारा मुलांच्या वर्गासारखीच. जागा भरत नाही म्हणून सहावीच्या चौघांत आठवीची दोघं बसवण्याचा मोह होतो. मी एकदा केलं, आणि त्या वर्षी आठवीची दोघंही फक्त शाळेचा गृहपाठ उरकून घरी जात होती.

मग एकेकटंच का घेऊ नये, असं पालक विचारतात. एका मुलाला एका शिक्षकाने शिकवल्याने होणारा फायदा मोठा आहे यात शंका नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली या फरकाबद्दल जे आकडे मांडले ते थक्क करणारे होते. नंतरच्या अभ्यासांत फायदा दिसला, पण तेवढा मोठा दिसला नाही. माझा अनुभव एवढाच की एकटं मूल दर पायरीनंतर माझ्या चेहऱ्याकडे बघतं. चेहऱ्यावरून बरोबर की चूक ते वाचतं आणि पुढे जातं. परीक्षेच्या खोलीत तो चेहरा नसतो. चार-सहा मुलं असली की मी दुसऱ्याच्या वहीत असताना याला आपलं आपण ठरवावं लागतं, आणि शेजारच्याची चूक कानावर पडते तीही उपयोगी पडते. फार मागे पडलेल्या किंवा बुजऱ्या मुलाला मात्र सुरुवातीचे काही आठवडे एकट्यानेच घ्यावं. त्याला इतरांसमोर रीत सांगताच येत नाही.

मुलांच्या चुका निष्काळजीपणाच्या असतात हा समज इतका पक्का आहे की तो माझ्याही डोक्यातून जायला वेळ लागला. ५२ मधून १७ वजा करताना मूल ४५ लिहितं. "लक्ष कुठे आहे?" असं आपण म्हणतो. लक्ष तिथेच असतं. दोनातून सात जात नाहीत, तर ते सातातून दोन काढतं, कारण मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याने धरून ठेवलंय. त्या मुलाला दहा वजाबाक्या द्या, हातचा लागेल तिथे ते दर वेळी हेच करेल. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या अशा वजाबाक्या तपासून हेच दाखवलं होतं: चुकीची उत्तरं कशीही आलेली नसतात, बऱ्याचदा मूल एक चुकीची रीत अगदी इमानाने पाळत असतं. ही रीत सापडेपर्यंत जास्त सराव देणं म्हणजे चुकीचाच सराव देणं. आणि ती सापडते फक्त त्या सहा मिनिटांत.

वर्ग मोठा झालाय हे कळायचं कसं? मुलं सांगत नाहीत आणि पालकांना दिसत नाही. माझ्याकडे एक साधी वही आहे. वर्ग संपल्यावर प्रत्येक मुलासाठी एक ओळ लिहायची. 'छान' किंवा 'लक्ष नव्हतं' असं नाही, तर नेमकं काय: 'भागाकारात शून्य लिहायचं राहतं', 'छेद सारखा न करता बेरीज, १/२ + १/३ = २/५'. सहा मुलांच्या सहा ओळींना दहा मिनिटं लागतात. एखाद्या मुलासमोर लागोपाठ दोन वर्ग काही लिहिण्यासारखं आठवलं नाही, तर त्याच्या वहीपर्यंत मी पोचलेच नाही असा त्याचा अर्थ. अकरा मुलांच्या दिवसांत मी हा प्रयोग केला तेव्हा चार नावांपुढची जागा जवळजवळ नेहमी कोरी राहायची. ती चारही मुलं शांत होती, वेळेवर येत होती आणि फळ्यावरचं नीट उतरवून घेत होती. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडे जात नव्हते.

सहा ठरले. मग फी.

इथे रुपयांचे आकडे देण्यात अर्थ नाही, ते गावागणिक आणि वर्षागणिक बदलतील. मी माझा हिशोब तासांत करते आणि शेवटी एका तासाच्या मोलाने गुणते. ते मोल प्रत्येकीने आपलं आपण ठरवायचं: याच शिक्षणावर, याच गावात, दुसरं कुठलं काम केलं तर तासाला हातात काय पडलं असतं. शेजारची शिकवणीवाली काय घेते हा आकडा त्यानंतर बघायचा. तो आधी बघितला की तिची चूकही आपण उचलतो. मी तेच केलं होतं.

आठवड्याला तीन दिवस, म्हणजे महिन्याला सरासरी तेरा वर्ग. सव्वा तासाप्रमाणे सव्वासोळा तास. माझा पहिला हिशोब इथेच संपत असे: सव्वासोळा तासांचं मोल भागिले अकरा मुलं, म्हणजे प्रत्येकी दीड तासाचं मोल. तेवढीच फी मी कित्येक वर्षं घेतली.

मग एका महिन्यात मी वर्गाबाहेरचा वेळही टिपून ठेवला. प्रत्येक वर्गाची तयारी, उदाहरणं काढणं, वीस मिनिटं, म्हणजे महिन्याला चार तास वीस मिनिटं. महिन्याची चाचणी काढायला दीड तास, सहा उत्तरपत्रिका तपासायला पाव तासाप्रमाणे दीड तास. पालकांशी बोलणं, मूल न्यायला आले की दारात किंवा फोनवर, प्रत्येकी पाव तास तरी होतंच, तो दीड तास. ओळींची वही दोन तास दहा मिनिटं. बेरीज सव्वासत्तावीस तास. म्हणजे शिकवलेल्या प्रत्येक तासामागे सुमारे चाळीस मिनिटं अशी जात होती की त्यांचे मी कुणाकडे पैसे मागितले नव्हते, स्वतःकडेसुद्धा मोजले नव्हते.

आता हे सव्वासत्तावीस कितीने भागायचे? मुलं सहा, पण मी पाचाने भागते. वर्षभर सहाच्या सहा जागा भरलेल्या राहत नाहीत. कुणाची बदली होते, कुणाचं शाळेनंतरचं वेळापत्रक बदलतं. सहाने भागलं तर एक मूल गेल्या दिवसापासून तोटा सुरू होतो आणि मग मनात नसताना कुणालाही मध्येच घ्यावं लागतं. पाचाने भागल्यामुळे सहावी जागा मोकळी राहिली तरी हिशोब हलत नाही. या सहाव्या जागेकडे मी परत येणार आहे.

पाचाने भागल्यावर आले साडेपाच तास. कुठे दीड आणि कुठे साडेपाच! मी वही मिटून ठेवली, आठवडाभर उघडली नाही. एवढी फी कुणाला परवडणार, हा प्रश्न खराच होता. अशा वेळी पहिला विचार येतो तो मुलं वाढवण्याचा. आठ घेऊ, नऊ घेऊ. पण मग ती सहा मिनिटं गेली, आणि ज्यासाठी फी वाढवायची तेच उरलं नाही. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की हिशोबात दुसराही एक आकडा आहे, तो मी देवाने दिल्यासारखा धरून चालले होते. आठवड्याचे तीन दिवस.

दोन दिवस केले तर? महिन्याला साधारण पावणेनऊ वर्ग, शिकवण्याचे जवळपास अकरा तास. तयारी आणि ओळी त्याच प्रमाणात कमी. चाचणी आणि पालक तेवढेच. एकूण वीस तासांच्या आत. पाचाने भागलं की जवळपास चार. फी अजूनही वाढणारच होती, पण आता तो आकडा तोंडाने उच्चारता येत होता.

मुलांचं यात नुकसान होईल का, याची काळजी होती. ज्या पालकांनी सोडलं त्यांतल्या दोघांनी हेच कारण दिलं: "बाकीकडे रोज घेतात." रोजच्या शिकवणीचं काय होतं हे मी दोन वर्षं पाहिलेलं आहे. मूल दप्तर घेऊन येतं, आज शाळेत काय दिलंय ते काढतं, आपल्यासमोर बसून संपवतं आणि जातं. घरी वही उघडायचं कारणच उरत नाही. आपल्याशिवाय एक पायरीही ते करून बघत नाही. दोन वर्गांमध्ये दोन-तीन दिवस गेले की काहीतरी विसरतं, आणि पुढच्या वर्गाच्या पहिल्या दहा मिनिटांत ते आठवायला धडपडावं लागतं. ही धडपडच कामाची असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला, आणि त्यांनाच हेही दिसलं की उजळणी एका बैठकीत कोंबण्यापेक्षा काही दिवसांत विभागली तर कमी फेऱ्यांत पाठ होतं. माझे वर्ग सोमवार-गुरुवार आणि मंगळवार-शुक्रवार असे झाले ते म्हणूनच. सोमवार-मंगळवार ठेवले असते तर आठवड्याचे पाच दिवस रिकामे गेले असते. अंतर हवं, पण फार नको, आणि मधल्या दिवसांसाठी पाच-सहा उदाहरणांचा गृहपाठ हवाच. तो न करणाऱ्या मुलाला दोन दिवस पुरत नाहीत, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगते.

बुधवार मोकळा राहिला. तो मी शंकांसाठी ठेवला, एक तास, माझ्या तीन बॅच आहेत त्या तिन्हींच्या मुलांसाठी, ज्याला यायचं त्याने यावं. यामुळे बुडालेल्या वर्गांचं कोडंही सुटलं. पूर्वी मूल गैरहजर राहिलं की पालक हक्काने म्हणत, तेवढा वर्ग भरून द्या. सहा मुलांनी महिन्यातून एकेकदा दांडी मारली तर ते सहा वेगवेगळे वर्ग होतात, आणि माझे रविवार त्यात जात. आता बुडालेला भाग बुधवारी विचारायचा. फी महिन्याची आहे, हजेरीची नाही, आणि ती महिन्याच्या सुरुवातीला द्यायची. वर्षाच्या एकूण तासांचे दहा सारखे हप्ते केलेत, त्यामुळे सुट्ट्यांच्या लहान महिन्यात "अर्धीच फी ना?" हा प्रश्न येत नाही. हे सगळं एका कागदावर लिहून वर्षाच्या आरंभी देते. तोंडी ठरलेलं पहिल्याच गैरसमजात विरघळतं, हे दोनदा अनुभवलंय. बुधवारचा माझा तास तीन बॅचमध्ये वाटून फीत धरला, तेव्हा अंतिम आकडा सव्वाचार तासांवर स्थिरावला.

तिथपर्यंत मी एका उडीत गेले नाही. नव्या मुलांना पहिल्या वर्षापासून पूर्ण फी, जुन्यांना तीन वर्षांत तीन टप्पे, आणि प्रत्येक वाढ दोन महिने आधी सांगून. वर्षाच्या मध्ये कधीच नाही, कारण मूल अर्ध्या अभ्यासक्रमात असताना पालकाला नाही म्हणायची सोय नसते आणि तसा फायदा घेणं मला पटत नाही. अकरापैकी चार घरांनी निरोप घेतला. तिघांनी फोनवर सांगितलं. एकाने सांगितलंही नाही, मूल यायचं थांबलं. त्या मुलीच्या ओळी माझ्या वहीत अजून आहेत, 'लसावि काढते पण कशासाठी ते माहीत नाही' अशी शेवटची. तो धागा अर्धा राहिला याचं मला आजही वाईट वाटतं.

वेळेबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे माझी चूक एकच होती आणि ती दुरुस्त करणं सोपं होतं. मी पाचवीची बॅच शाळा सुटल्यावर वीस मिनिटांनी ठेवली होती. पालकांना ते सोयीचं, मूल तिकडूनच येई. त्या बॅचमधल्या एका मुलीच्या ओळींत सारखं येत होतं: 'पहिली दोन उदाहरणं चुकली, नंतरची बरोबर.' मी ते गणितात शोधत राहिले. ते गणितात नव्हतंच. ती यायची तेव्हा भुकेलेली आणि दमलेली असायची, अर्ध्या तासाने सावरायची. शाळा सुटणं आणि शिकवणी यांत तासभर ठेवल्यावर त्या ओळी थांबल्या. तेव्हापासून मुलाच्या चुका वर्गाच्या कोणत्या भागात होतात तेही बघते. सुरुवातीला होत असतील तर वेळ बदलून बघावी. शेवटी होत असतील तर वर्ग लांबलाय. पाचवीच्या मुलांची सव्वा तासातली शेवटची दहा-पंधरा मिनिटं मला हाती लागत नाहीत, म्हणून त्यांना मी एका तासात सोडते आणि वह्या चारच घेते.

बाकी दोन बारक्या गोष्टी. लहान मुलं आधी, मोठी नंतर. आणि दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटांची मोकळी जागा. ती नसली की जाणारी मुलं, येणारी मुलं, न्यायला आलेले पालक सगळे एकाच दारात असतात, ओळी लिहायच्या राहतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या आठवत नाहीत. ही पंधरा मिनिटं कुणाच्याही फीमध्ये दिसत नाहीत, पण माझी सगळी पद्धत त्यांच्यावर उभी आहे.

आता ती सहावी जागा.

फी वाढवायचं पत्रक दिलं त्या आठवड्यात दशांशवाल्या मुलाची आई आली. बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यापासून त्याला नाही पाठवणार. तुमचं बरोबर आहे, पण आमचं नाही जमायचं." घरातल्या एकाचं काम सुटलं होतं. मी आत जाऊन हिशोबाची वही आणली आणि तिला ती पाचाची रेघ दाखवली. या वर्गाचा खर्च पाच मुलांत निघतो, सहाव्याची फी मी धरलेलीच नाही, तर तो बसला तर माझं काही बुडत नाही. हे तिला समजावून सांगायला वेळ लागला, कारण ती ते उपकार म्हणून ऐकत होती. शेवटी वर्षभरासाठी निम्म्याहून कमी असा एक आकडा ठरला. तो तिनेच सांगितला. दर महिन्याला पुन्हा चर्चा नको, म्हणून वर्षाचं ठरवलं. मुलाला यातलं काही कळू द्यायचं नाही, हेही.

तेव्हापासून प्रत्येक बॅचमध्ये ती एक जागा तशी असते. एकच. पूर्वी मी ज्याने मागितलं त्याला सवलत देत असे. ते कर्णोपकर्णी होई, आणि न मागणारे, बहुधा जास्त गरजेचे, पूर्ण फी भरत राहत. आता जागा भरलेली असली तर भरलेली आहे असं सांगते. सांगताना जड जातं. सातव्या मुलासाठीही असाच फोन येतो, "एकानं काय फरक पडतो?" म्हणून. फरक कुणाला पडतो ते मला ठाऊक असतं. त्या दिवशी सर्वांत शांत बसलेल्या मुलाला.

तो मुलगा आणखी दोन वर्षं आला. त्याच्या ओळी मी परवा वाचत होते. सुरुवातीला आठवड्यामागून आठवडा 'दशांशस्थळं वेगळी असली की अडतो'. मग 'शून्य जोडून बघतो, पण कुठल्या बाजूला ते विसरतो'. मग एका गुरुवारी: '०.५ आणि ०.५०, सारखेच म्हणाला, स्वतःहून. कसं ठरवलंस विचारलं तर दहापैकी पाच आणि शंभरपैकी पन्नास, असं सांगितलं. मग त्यानेच विचारलं, सारखेच आहेत तर ते शेवटचं शून्य लिहितात कशाला?'

त्याखाली मी तेव्हा लिहून ठेवलंय: 'मोजपट्टी आणून दाखवलं. नऊ मिनिटं.'